देवीला दाखवायचा फोटो

सून आधी एकटीच आली होती, भुवया करून घ्यायला. दोरा थांबवून मी कापूस देत होते तेव्हा ती डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाली, "ताई, तुम्ही नवरीला फोटोत केस लावून दाखवता ना, तसं माझ्या सासूबाईंना दाखवाल का?"

मी म्हटलं, दाखवीन की. समोरून काढलेला एक फोटो पाठव, आणि त्यांना कसे केस आवडतात त्याचे दोन-तीन फोटो पाठव.

"फोटो नाही पाठवता येणार," ती म्हणाली. मग डोळे उघडून आरशातून माझ्याकडे बघितलं. "त्यांच्या डोक्यात जट आहे."

अलिबागला माझं पार्लर आहे, दोन खुर्च्यांचं. लग्नसराईत मुली मोबाईल पुढे धरतात आणि म्हणतात, असे पाहिजेत. तो फोटो एखाद्या नटीचा असतो, तिचे केस दाट, सरळ, कपाळ लहान. आणि समोरच्या मुलीचे केस कुरळे, विरळ, भांगाशी मागे सरकलेले. पूर्वी मी तोंडाने समजावत असे. नंतर पनवेलला एका वर्गात टॅबलेटवर हे काम शिकले. गिऱ्हाईकाचा फोटो खिडकीच्या उजेडात, समोरून, केस मागे घट्ट बांधून काढायचा. हनुवटी वर नको, खाली नको. मग तिने आणलेल्या फोटोतली केशरचना तिच्या चेहऱ्यावर बसवायची. अ‍ॅप ते क्षणात करतं. पण अ‍ॅपला सगळ्यांना सुंदर करायची घाई असते, म्हणून खरं काम त्यानंतरचं: केसांची दाटी त्या मुलीची आहे तेवढी कमी करायची, कपाळाची रेघ तिची तिला परत द्यायची. मग दोघींनी बसून बोलायचं. यातलं काय होईल, काय होणार नाही, किती महिने लागतील. हे बोलणं झालं की कात्री हातात घ्यायला मला भीती वाटत नाही.

जट मात्र मी कधी हाताळली नव्हती. लहानपणी आमच्या गावात एक होती जटवाली, तिच्या अंगणात आम्ही मुली खेळायला जात नसू. देवीची जट, तिला हात लावायचा नाही, कापली तर घरातलं कोणी जातं, एवढं आम्हाला ठाऊक होतं. कोणी शिकवलं ते आठवत नाही.

सुनेने सांगितलं ते असं. रेवसच्या वाटेवर, खाडीलगतच्या खारेपाटात त्यांचं गाव. सासूच्या केसांत पुष्कळ वर्षांपूर्वी तापाच्या आजारात गुंता झाला, तो सुटेना, आणि घरच्यांनी हळद-कुंकू वाहिलं. तेव्हापासून तेल नाही, फणी नाही. आता मान वाकत नव्हती, हाताच्या बोटांना मुंग्या येत होत्या, भाताची लावणी सुटली होती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोक्यावरचं हे ओझं आधी उतरवा. नवरा ऐकून घेऊन गप्प बसला. सासू म्हणाली, "आदी मना दाखवा मी कशी दिसंन. मग बगू."

मी पुण्याकडच्या एका बाईंना फोन केला. जट काढायचं काम त्या गावोगाव जाऊन करतात, हे मला एका शिक्षिकेकडून कळलं होतं. त्यांनी सगळं नीट सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "घाई करू नका. तिने स्वतः हो म्हटल्याशिवाय कात्री काढूच नका." मी सुनेला सोमवार दिला. सोमवारी माझं पार्लर बंद असतं.

सासूबाई आल्या त्या डोक्यावरून पदर घेऊन, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून. पंचावन्नच्या आसपासची बाई, उंच, कामाने वाळलेली. कपाळावर भुवयांच्या मध्ये गोंदणाचे तीन हिरवट ठिपके, हनुवटीवर एक. नवरा टेम्पो घेऊन बाहेरच थांबला. मी शटर अर्ध्यावर ओढलं. मावशी खुर्चीत टेकून बसेनात. पुढे सरकून, मान ताठ धरून बसल्या. मग कळलं की मागे टेकलं की जट खुर्चीच्या पाठीला अडते.

"फोटो काढायला पदर काढावा लागेल, मावशी," मी म्हटलं. "तुम्ही सांगाल तेव्हा मी तो पुसून टाकीन. तुमच्याशिवाय कोणाला दाखवणार नाही."

त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुला भ्या न्हाय वाटत?"

"वाटतंय थोडं," मी म्हटलं.

"मग ठीक," त्या म्हणाल्या आणि पदर खाली घेतला.

जट मागच्या बाजूला कमरेपर्यंत होती, जुन्या दोरखंडासारखी, टोकाकडे रुंद आणि चपटी. वास होता, मी त्याबद्दल लिहिणार नाही. खिडकीशी स्टूल ठेवून मी त्यांना बसवलं, जट मागे घेतली आणि समोरून फोटो काढला. लोक आधारकार्डाच्या फोटोत बघतात तशा त्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या, श्वास रोखून.

सुनेने आपल्या मोबाईलवर फोटो जमवून ठेवले होते. खांद्यापर्यंतचे केस, कानामागे घेतलेले, टोकं आत वळलेली. कोणी मालिकेतली सासू, कोणी बातम्या देणारी. त्यातला सगळ्यांत साधा मी घेतला आणि टॅबलेटवर मावशींच्या चेहऱ्यावर बसवला. काही सेकंदांत चित्र आलं. सुनेने दोन्ही हात तोंडावर ठेवले. "आई, बघा ना! किती छान दिसताय."

मावशींनी टॅबलेट दोन्ही हातांनी धरला, लांब नेला, जवळ आणला.

"ही कोन?"

"तुम्हीच."

"हिचं गोंदन कुटं गेलं?"

मी वाकून बघितलं. खरंच, कपाळ स्वच्छ होतं. अ‍ॅपने गोंदणाला डाग समजून पुसून टाकलं होतं. रंग एक-दोन छटा उजळ केला होता, गालाची हाडं खाली बसवली होती, ओठांच्या कडेच्या रेघा नाहीशा केल्या होत्या. नवऱ्या मुली यावर खूश होतात, म्हणून मला त्याची इतकी सवय झाली होती की लक्षातही आलं नव्हतं.

"ही चालनार न्हाय," मावशी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मी माज्यासाटी न्हाय मागत, बाय. हा फोटो मना देवीफुडं ठेवायचाय. तिला सांगायचंय, मी अशी दिसनार हाय, तुजी जट मी उतरवतंय, पन मीच हाय ती. तिनं मना वलखायला नको?"

बाहेर टेम्पोचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला.

मी टॅबलेट बाजूला ठेवला. म्हटलं, "मावशी, डोक्याला हात लावू का?" त्यांनी मान किंचित हलवली. मी हातमोजे घातले आणि मुळाशी बोटं घालून चाचपलं. जट टाळूपासून लगेच सुरू होत नव्हती. मुळाशी नवे वाढलेले मोकळे केस होते, पण फार तर दोन बोटं. कापायचं तिथूनच. म्हणजे खांद्यापर्यंतचे केस ही गोष्टच नव्हती. कपाळाच्या दोन्ही बाजूंना ओझ्याने ओढून ओढून केसांची रेघ मागे गेली होती. अ‍ॅपने तिथेही दाट केस भरले होते. मी त्या बाईला जे दाखवलं होतं त्यातलं काहीच तिच्या वाट्याला येणार नव्हतं.

ते मी जसंच्या तसं सांगितलं. केस एवढेच राहतील, आणि मी बोटांनी दाखवलं. पुढे महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतील. काही जागी विरळ राहतील, कदाचित नेहमीसाठी.

"एवढे बारीक?" सून म्हणाली. "ताई, लोक काय म्हणतील? आमच्याकडे अजून..." तिने वाक्य सोडून दिलं.

सासूने ते पुरं केलं. "रांडावल्या बाईचं डोकं असं करायचे पूर्वी. माज्या आजीचं बगितलंय मी." खिडकीतून टेम्पोचा टप दिसत होता. त्या तिकडे बघत म्हणाल्या, "माजा धनी जिता हाय."

मग आरशाकडे वळून म्हणाल्या, "फोटोत कुंकू दिसंल ना?"

"दिसेल."

"मग दाखव. जे खरं हाय ते दाखव."

त्या दिवशी कुंकू घामाने फिकट झालं होतं, म्हणून पुढच्या सोमवारी त्या पुन्हा आल्या, कपाळावर मोठं ओलं कुंकू लावून, मंगळसूत्र पदराबाहेर काढून. नव्याने फोटो काढला. मधल्या दिवसांत मी नमुन्याचे फोटो शोधत होते, आणि ते सापडणं अवघड गेलं. बारीक केसांच्या बायका म्हटलं की तरुण, गोऱ्या, शहरातल्या. किंवा आजारातून उठलेल्या. शेवटी मला तीन सापडले: एका निवृत्त दिसणाऱ्या बाईचा, एका धावण्याच्या शर्यतीतल्या आजींचा, आणि एका शेतातल्या बाईचा, बहुधा दक्षिणेकडची, देवाला केस वाहून आलेली, टाळूवर नुकतेच उगवलेले केस आणि कपाळावर गंध. वय जुळत होतं, केसांची जात जुळत होती, फोटो समोरून होते.

यावेळी मी चेहरा झाकून घेतला, म्हणजे अ‍ॅपला सांगितलं की भुवयांपासून गळ्यापर्यंत काही बदलायचं नाही, फक्त केसांच्या जागेत काम कर. तरी पहिल्यांदा त्याने कपाळाची कड गुळगुळीत केली आणि गोंदणाचा वरचा ठिपका अर्धा खाल्ला. मी झाकलेला भाग वर सरकवला, पुन्हा केलं. केसांत पांढरे मिसळले. मागे गेलेली रेघ मूळ फोटोत होती तशी राखली. मग शेजारी मूळ फोटो ठेवून ठिपका ठिपका ताडून पाहिला.

मावशी माझ्या शेजारी बसून सगळं बघत होत्या. मधेच बोट दाखवून म्हणाल्या, "हितं पांडरे जास्ती हायत माजे." मी वाढवले. "कान एवडे मोटे हायत काय?" मी म्हटलं, आतापर्यंत पदराआड कधी दिसले नाहीत. त्यांनी हाताने कान चाचपून बघितले आणि पहिल्यांदाच हसल्या.

मी तीन चित्रं केली होती. एक कापल्या दिवसाचं, एक चार-पाच महिन्यांनंतरचं, एक वर्षाने कसं दिसेल ते. मला वाटलं शेवटच्या चित्राने त्यांना धीर येईल. त्यांनी तिन्ही बघितली आणि पहिलं उचललं. "हाच दे. बाकीचं मागनं बगू." त्या चित्रात डोक्यावर करडे, आखूड, उभे केस असलेली एक उंच बाई होती, गालांची हाडं वर आलेली, कुंकू लालभडक, गोंदण जागच्या जागी. सुंदर नव्हती. पण तिच्याकडे बघितल्यावर तीच होती हे कोणीही सांगितलं असतं.

मावशींना विचारून बाजूच्या फोटोवाल्याकडून मी प्रिंट काढून आणली आणि त्याच्या कॉम्प्युटरवरून माझ्यासमोर ते पुसून घेतलं.

"तू पन चल," मावशी म्हणाल्या. "तू काडलास."

देऊळ गावदेवीचं, शेताच्या बांधावर, नवं पत्र्याचं छप्पर घातलेलं. सकाळची वेळ होती, भरती आलेली असावी, खाडीचा वास येत होता. मावशी, नवरा, सून, मी आणि पुजारी. नवऱ्याला मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. बुटका, जाड मिशांचा, हातात नारळ. त्याने सरळ सांगितलं, "कौल लावू. देवीनं व्हय म्हटलं तर कापा."

पुजाऱ्याने ओल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मावशींनी फोटो पायाशी ठेवला, वर तांदूळ घातले, आणि मोठ्याने बोलल्या, जसं शेजारणीशी बोलावं तसं. "बग माय. ही मी हाय. नीट बगून घे. माजी मान आता न्हाय सोसत."

आम्ही बसून राहिलो. एकही पाकळी पडली नाही. पुजाऱ्याने घंटा वाजवली, गाऱ्हाणं घातलं, पुन्हा बसलो. ऊन पत्र्यावर चढलं. पाकळ्या वाळून कडेला वळायला लागल्या, पण चिकटून राहिल्या, दोन्हीकडच्या. पुजारी पुटपुटला, पुन्हा कधी तरी लावू.

नवरा उठला. "कौल न्हाय मिलाला," तो म्हणाला आणि चपला घालायला लागला.

मावशी उठल्या नाहीत. त्या फोटोवरचे तांदूळ बोटाने बाजूला सारत होत्या. "न्हाय पन न्हाय बोलली ती," त्या म्हणाल्या.

"म्हंजी?"

"तुमी तिला इचारलं, मी निसतं सांगितलं. तिनं दोनी आयकलं नि गप बसली. म्हंजी माज्यावर सोडलंन."

नवरा चपलेत एक पाय घालून तसाच उभा राहिला. त्याला संताप आला असेल किंवा भीती वाटली असेल, मला सांगता येणार नाही. मग दुसरी चप्पल पायात घालून तो म्हणाला, "मी टेम्पोत बसतो."

जट आम्ही त्याच आठवड्यात कापली. पुण्याच्या बाईंनी सांगितलं होतं तसं केलं: एकदम मुळाशी कात्री चालवायची नाही, आपलं बोट टाळूवर आडवं ठेवायचं आणि त्याच्यावरून थोडं थोडं कापत जायचं, म्हणजे कातडीला लागत नाही. जट कठीण होती. मी मोठी कात्री आणली होती तरी बोटांना वळ आले. मावशी मांडीवर मुठी आवळून बसल्या होत्या. शेवटची बट सुटली, जट खाली पडून आवाज झाला आणि त्यांचं डोकं एकदम पुढे झुकलं, कारण एवढी वर्षं मागची ओढ तोलून धरणाऱ्या मानेला आता तोलायला काही नव्हतं. मी कपाळाला हात लावून डोकं सावरलं. सुनेने जट पांढऱ्या कापडाच्या धडप्यात घेतली; दोन्ही हातांनी उचलावी लागली.

खाली टाळूला जागोजागी खपल्या होत्या. मी कोमट पाण्याने, साध्या साबणाने हळूहळू धुतलं. आणि मग मला दिसलं की उजव्या कानामागे तळव्याएवढी जागा पूर्ण मोकळी आहे. ती फोटोत नव्हती, असूच शकत नव्हती, फोटो समोरून होता आणि तो भाग जटेखाली होता. मी लपवलं नाही. दुसरा आरसा मागे धरला आणि म्हटलं, "मावशी, हे मला आधी दिसलं नव्हतं."

त्यांनी बघितलं, मग आरशावरून नजर काढून हाताने ती जागा शोधली. तळवा तिथे ठेवून त्या बसून राहिल्या. "गार लागतंय," एवढंच म्हणाल्या.

सुनेने शटर वर केलं आणि सासऱ्यांना बोलावलं. ते उंबऱ्याच्या आत आले आणि थांबले. त्यांनी बायकोच्या डोक्याकडे बघितलं, मग तोंडाकडे, मग पुन्हा डोक्याकडे. मावशी उभ्या राहिल्या, पदर खांद्यावरच होता. मला वाटलं हा माणूस आता वळून निघून जाईल.

"थंडी वाजंल तुला," ते म्हणाले. गळ्यातला पंचा काढून त्यांनी तो तिच्याकडे धरला. मग सुनेच्या हातातून धडप्यातली जट घेतली आणि टेम्पोकडे गेले. ती त्यांनी रेवसच्या धक्क्यापलीकडे खाडीत सोडली, हळद-कुंकू वाहून, असं मला सुनेने नंतर सांगितलं. एकटेच गेले होते.

मी मावशींचे सगळे फोटो पुसून टाकले. मावशींनीच तसं सांगितलं होतं: जटेचा एकही ठेवायचा नाही.

इथे ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पावसाचा जोर ओसरत आला होता तेव्हा मावशींचे थोरले दीर गेले. रात्री झोपले ते सकाळी उठले नाहीत. म्हातारे होते, दम्याचे होते, सगळं खरं. पण चितेचा धूर विझायच्या आत जावेने सगळ्यांसमोर म्हटलं की हिने जट उतरवली आणि माझं कुंकू नेलं. बाराव्याच्या स्वयंपाकाला मावशींनी हात लावलेला चालणार नाही, असं ठरलं. गणपतीतल्या नैवेद्यालाही. नवऱ्याने भावकीत तोंड उघडलं नाही. सून हे सांगताना रडली. मी तिला पाणी दिलं, दुसरं काय देणार. माझ्या मनात एक विचार येऊन गेला, तो मी तिला सांगितला नाही: की कात्री माझ्या हातात होती. लहानपणी जटवालीच्या अंगणात न गेलेल्या माझ्यातल्या मुलीला मी पूर्ण घालवू शकले नव्हते.

त्यानंतर एका दुपारी मावशी एकट्या आल्या, एसटीने. पदर कपाळापर्यंत ओढलेला. खुर्चीत एक मुलगी मेंदी लावून बसली होती, ती जाईपर्यंत बाकावर थांबल्या. मग माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "बाय, मना फोटोत परत जट लावून दाखव."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"कशाला, मावशी?"

"बगायचंय. जाव बोलते, तू परत वाडव, देवीची देवीला दे. केस हायत, गुंता करायला किती येल लागतो. मी व्हय बोलनार होते तिला. पन आदी मना बगू दे."

जुने फोटो नव्हते. मी ते सांगितलं. मग म्हटलं, नवीन काढून बघते. पदर काढला तेव्हा केस दोन इंचांवर आले होते, मऊ, कानाशी वळलेले. कानामागची जागा अजून मोकळी होती, पण तिच्या कडेने बारीक लव दिसत होती. खिडकीशी बसवून फोटो काढला. चेहरा झाकून घेतला. नमुन्यासाठी मात्र काय घ्यायचं? जटेचे फोटो शोधले तर साधूंचे निघाले. अ‍ॅपला शब्दांत लिहून सांगितलं. त्याने जे काढलं ते बघून मी टॅबलेट वळवावा की नाही अशा विचारात पडले, पण त्यांनी तो हातातून घेतला.

मावशींच्या चेहऱ्याभोवती स्वच्छ, सारख्या जाडीच्या, तेल लावल्यासारख्या चमकणाऱ्या वेण्या लोंबत होत्या, आणि दोनेक वेण्यांत रंगीत मणी.

त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. "ही तर काशीदच्या बीचवरची गोरी," त्या म्हणाल्या. आणि हसायला लागल्या. मीही हसले. हसता हसता त्यांचा चेहरा बदलला, त्यांनी टॅबलेट मांडीवर उपडा ठेवला आणि पदर तोंडाशी धरून रडल्या. आवाज न करता, खांदे हलत होते. मी शेजारी स्टूल ओढून बसले. दीर गेल्यापासून त्या रडल्या नसाव्यात. त्या घरात त्यांना रडायला जागाच राहिली नव्हती.

"चांगला मानूस होता," त्या शेवटी म्हणाल्या. "मी लगीन होऊन आले तवा माज्याशी पयला तोच बोलला त्या घरात. त्याच्यासाटी मी काय करनार? त्याच्या नावानं डोक्यात घान बांदून फिरू? त्याला बरं वाटंल?"

मी म्हटलं, "मी दुसरं चित्र करून बघू का? जास्त खऱ्यासारखं?"

"नको. मना म्हाईत हाय कसं दिसतं. मीच वाहिलीय ती." मग त्यांनी मानेवर हात फिरवला. "हितं मागं टोचतायत. सारके कर."

मी कापड गळ्याभोवती बांधलं आणि मानेवरचे केस एकसारखे केले. फार थोडे पडले जमिनीवर. खोबरेल तेल कोमट केलं आणि बोटांनी टाळूवर लावलं, मोकळ्या जागेवर सुद्धा. त्यांनी डोळे मिटले. खुर्चीला पूर्ण टेकून बसल्या होत्या.

जाव अजून त्यांच्याशी बोलत नाही. नवरात्रात मावशींनी आपल्या घरी वेगळा नैवेद्य केला आणि एकटीने देवीला नेला. पुजाऱ्याने तो घेतला, एवढं झालं. भावकीतल्या दोन बायका येता-जाता बोलतात, बाकीच्या नाहीत. नवरा आता त्यांना टेम्पोने माझ्याकडे सोडतो, आणि बाहेर न थांबता आत बाकावर येऊन बसतो, पेपर वाचत असल्यासारखा. डाव्या हाताच्या मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत; डॉक्टर म्हणतात, उशीर झाला. सगळं भरून येईल असं मी त्यांना कधी सांगितलं नाही, आणि त्यांनीही मला विचारलं नाही.

मागच्या खेपेला मी विचारलं, मावशी, झोप लागते का? त्यांनी आरशातून नवऱ्याकडे एक नजर टाकली, तो पेपरातच होता, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आता उतानी निजतंय, बाय. एवड्या वर्सांनी उतानी."